थांबलेल्या गाडीचे तास: वरणगाव परिसरातील कामगार-वाहतूक बसचालकांचे मागणीपत्र

प्रति,
कामगार-वाहतूक बससेवेचे सर्व ठेकेदार, तसेच ही सेवा घेणाऱ्या आस्थापनांचे व्यवस्थापक,
वरणगाव परिसर, ता. भुसावळ, जि. जळगाव

विषय: गाडी उभी असतानाचा वेळ, बोलावण्याच्या तयारीत राहण्याचा वेळ आणि गाडी ताब्यात घेण्यासाठी होणारा प्रवास कामाच्या तासांत धरण्याबाबत

महोदय,

वरणगाव, भुसावळ, दीपनगर हा सगळा पट्टा पाळ्यांवर चालतो. आयुधनिर्माणी, औष्णिक वीज केंद्र, रेल्वे आणि त्यांच्या आजूबाजूने वाढलेले लहानमोठे उद्योग यांमुळे इथल्या घराघरांत पहिली, दुसरी आणि रात्रपाळी हेच घड्याळ आहे. त्या घड्याळाप्रमाणे गावोगावच्या कामगारांना गेटपर्यंत आणणारे आणि परत नेणारे ठेक्याच्या बसचे चालक म्हणजे आम्ही. एखाद्या ठेकेदाराला किंवा कारखान्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा आमचा हेतू नाही, म्हणून या पत्रात कोणाचेही नाव घेतलेले नाही. प्रश्न सगळ्या ठेक्यांत सारखाच आहे: गाडी उभी असताना चालक कामावर असतो की नसतो?

आज याचे उत्तर सोयीप्रमाणे बदलते. गाडी सोडून जाऊ नका असे सांगताना आम्ही कामावर असतो. ओव्हरटाइम मागितला की आम्ही गाडीत आराम करत होतो असे सांगितले जाते. एकाच वेळेची ही दोन नावे आम्हाला मान्य नाहीत.

एका ड्युटीचा हिशेब

पहिल्या पाळीच्या गाडीची, मुक्ताईनगरकडच्या मार्गावरची एक नेहमीची ड्युटी उदाहरणादाखल घेतो. मार्ग बदलला की मिनिटे बदलतील, पण ड्युटीचा आकार हाच राहील.

चालक पहाटे ३.५० ला वरणगावच्या यार्डात सही करतो. पाणी, ऑइल, टायरची हवा, ब्रेक, दिवे बघतो, गाडी झाडून घेतो, डिझेलची नोंद करतो. ४.३० ला रिकामी गाडी घेऊन निघतो, शेवटच्या थांब्यावरून वळतो आणि कामगार घेत ५.४५ ला गेटवर येतो. पहिल्या पाळीचे लोक उतरतात. रात्रपाळीचे लोक पंचिंग करून, तपासणी होऊन बाहेर येईपर्यंत ६.२० होतात. त्यांना सोडून रिकामी गाडी ७.५५ ला पुन्हा गेटजवळच्या तळावर लागते. पुढची ठरलेली फेरी थेट दुपारी दोनच्या पाळीबदलाची आहे. १.३० ला गाडी रांगेत लावावी लागते, कारण उशिरा येणाऱ्याला जागा मिळत नाही. २.२० ला कामगार घेऊन गाडी निघते, ३.५५ ला यार्डात परत येते. साफसफाई, लॉगशीट आणि चावी जमा करणे उरकून ४.१५ ला सुटका होते.

सहीपासून सुटकेपर्यंत १२ तास २५ मिनिटे झाली. त्यात चाके फिरली ४ तास २५ मिनिटे. गाडीची तयारी आणि नोंदी यांत १ तास गेला. पाळीबदलाच्या वेळी गेटवर दोनदा थांबणे झाले, ते १ तास २५ मिनिटांचे. उरलेले ५ तास ३५ मिनिटे, म्हणजे ७.५५ ते १.३०, हाच सगळ्या वादाचा गाभा आहे.

हजेरीपत्रकावर या दिवसापुढे ‘८’ हा आकडा लिहिला जातो. कोणत्या वेळी सुरू झालेले आणि कोणत्या वेळी संपलेले हे आठ तास आहेत, ते कुठेही लिहिलेले नसते. ठेकेदारांचे म्हणणे असे की चालकाने स्टिअरिंग साडेचार तासही धरलेले नाही, तरी त्याला आठ तासांचा रोज मिळतो, मग तक्रार कसली? ऐकायला हे म्हणणे सरळ वाटते. म्हणून त्याचे उत्तर आम्ही सविस्तर देत आहोत.

त्या साडेपाच तासांत चालक काय करतो

तो तळावर असतो. गाडीची चावी त्याच्याकडे असते आणि गाडीला काही झाले तर जबाबदारी त्याची असते. फोन लागलाच पाहिजे, कारण मधेच एखाद्या साहेबाला भुसावळ स्टेशनवर सोडायचे निघते, जखमी कामगाराला दवाखान्यात न्यायचे असते किंवा दुसऱ्या मार्गावर बंद पडलेल्या गाडीचे लोक आणायचे असतात. असा फोन रोज येत नाही. पण कोणत्या दिवशी येणार नाही हे आधी कोणी सांगत नाही. त्यामुळे चालक घरी जाऊन जेवू शकत नाही. मुलाच्या शाळेत, बँकेत, तलाठी कार्यालयात जाऊ शकत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, त्या उन्हात पत्र्याच्या गाडीत सीटवर आडवे होणे याला विश्रांती म्हणता येणार नाही. पहाटे तीनला उठलेला हा माणूस दुपारी दोनला पन्नास माणसे घेऊन महामार्गावर उतरणार असतो.

इथे आम्ही एक कसोटी मांडतो. थांबलेल्या वेळी चालक स्वतःच्या मर्जीने तो वेळ वापरू शकत होता का? चावी कोणाकडे होती, जागा सोडण्याची परवानगी होती का, बोलावल्यावर किती वेळात यायचे होते आणि पाठ टेकायला जागा होती का, या चार गोष्टी पाहिल्या की उत्तर मिळते. चावी खिशात, तळ सोडायला मनाई, फोन आला की लगेच निघायचे आणि झोपायला गाडीचे सीट, अशी स्थिती असेल तर तो वेळ मालकाचा आहे. मालकाचा वेळ म्हणजे कामाचा वेळ.

ही कसोटी आम्ही मनाने काढलेली नाही. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ मध्ये कामाच्या तासांची व्याख्या करताना कामगार मालकाच्या दिमतीला असतो तो वेळ, असेच म्हटले होते. त्यात तीन गोष्टी नावानिशी धरल्या होत्या: गाडी चालू असतानाचा वेळ, पूरक कामाचा वेळ आणि टर्मिनलवरची पंधरा मिनिटांपेक्षा कमी असलेली नुसती हजेरी. संभाव्य बोलावण्याला उत्तर देण्यासाठी किंवा ठरल्या वेळी पुन्हा काम सुरू करण्यासाठी आपल्या जागेवर थांबणे, असा त्या ‘नुसत्या हजेरी’चा खुलासाही दिला होता. तळावर थांबलेल्या आमच्या चालकाचे हे हुबेहूब वर्णन आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९६१ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० मध्ये सामावला गेला. पण मोटार वाहतूक कामगारांच्या तासांबाबतच्या या तीन गोष्टी, पंधरा मिनिटांसकट, नव्या संहितेतही आल्या आहेत.

या पंधरा मिनिटांवरच ठेकेदारांचा भर आहे. त्यांचा युक्तिवाद असा की कायद्याने पंधरा मिनिटांपर्यंतचे थांबणे धरले, म्हणजे त्यापुढचे थांबणे वगळले. असा अर्थ लावणारे लोक आहेत, हे आम्ही नाकारत नाही. पण तो मानला तर काय होते ते पाहा. गेटवर १४ मिनिटे थांबलेला चालक कामावर ठरतो आणि ३५ मिनिटे थांबलेला चालक घरी बसल्यासारखा ठरतो. जितके जास्त थांबवावे तितके कामाचे तास कमी होतात. कामगाराच्या तासांना मर्यादा घालण्यासाठी केलेल्या कायद्याचा असा अर्थ असू शकत नाही. शिवाय १९६१ च्या कायद्याने गाडी चालू असण्याच्या वेळेतून मधला खंड वगळताना अटही घातली होती. त्या खंडात कामगार आपला वेळ मनाप्रमाणे घालवायला मोकळा असला पाहिजे किंवा पूरक कामात असला पाहिजे, आणि पूरक काम तर वेगळे मोजले जातेच. म्हणजे वगळण्याची किल्ली मोकळीक ही आहे. पंधरा मिनिटांची ओळ लहान थांब्यांवर वाद होऊ नये म्हणून आहे. मोठ्या थांब्यावर चालक मोकळा होता की नव्हता, हे प्रत्यक्ष पाहूनच ठरवावे लागेल.

वेतनाच्या बाजूनेही हाच न्याय आहे. किमान वेतन कायदा, १९४८ च्या कलम १५ मध्ये आणि आता वेतन संहिता, २०१९ च्या कलम १० मध्ये असे आहे की रोजावर वेतन ठरलेल्या कामगाराने त्या दिवशी पूर्ण तासांपेक्षा कमी काम केले, पण त्याला काम न मिळणे हे मालकाकडून झाले असेल, तर त्याला पूर्ण दिवसाचे वेतन मिळते. म्हणजे स्टिअरिंग साडेचार तास धरूनही आठ तासांचा रोज देणे ही ठेकेदाराची मेहेरबानी ठरत नाही. पहिल्या आठ तासांपुरता तो आमचा हक्कच आहे. वाद आहे तो आठ तासांनंतरच्या वेळेचा.

शेजारची रेल्वे हे कसे मोजते

थांबण्याचा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. भुसावळच्या आजूबाजूच्या कोणत्याही रेल्वे फाटकावर गेटमन बसलेला असतो. दोन गाड्यांच्या मध्ये त्याला हाताने करायचे काम नसते. न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांनी १९४७ साली रेल्वे कामगारांच्या कामाच्या तासांवर निवाडा दिला, त्यात हाच पेच होता. आज रेल्वे अधिनियम, १९८९ मध्ये अशा नोकरीसाठी वेगळा वर्ग आहे. बारा तासांच्या फेऱ्यात निम्मा किंवा त्याहून अधिक वेळ निष्क्रियतेचा असेल, त्यात किमान एक तासाचा एक किंवा अर्ध्या तासाचे दोन खंड असतील आणि त्या वेळी शारीरिक हालचाल किंवा सतत लक्ष देण्याची गरज नसेल, तर ती नोकरी मूलतः अधूनमधून कामाची मानली जाते. अशा नोकरीसाठी आठवड्याची मर्यादा ७५ तास आहे, तर सतत कामाच्या नोकरीसाठी सरासरी ५४ तास.

ठेकेदारांच्या एका प्रतिनिधीने चर्चेत हेच उदाहरण आमच्यासमोर ठेवले होते: रेल्वेसुद्धा थांबण्याला कमी लेखते, मग आम्ही का नाही? त्यांनी अर्धेच सांगितले. रेल्वेत निष्क्रिय असलेला माणूसही ड्युटीवरच धरला जातो. त्याच्या तासांची मर्यादा सैल आहे, पण त्याचे तास हजेरीतून पुसले जात नाहीत. शिवाय हा वर्ग साहेबाच्या तोंडी हुकमाने लागत नाही. त्या जागेवरच्या कामाची प्रत्यक्ष नोंद घेऊन, कामाचे विश्लेषण करून तो ठरतो. आमच्या तळावर अशी पाहणी करायला आम्ही आजही तयार आहोत.

मोकळीक द्या, नाहीतर मजुरी द्या

आमची मुख्य मागणी या दोन पर्यायांत मावते.

मघाची ड्युटी पुन्हा घेऊ. ७.५५ ते १.३० चालकाला तळावरच ठेवायचे असेल, तर १२ तास २५ मिनिटांतून अर्ध्या तासाची विश्रांती वजा करून ११ तास ५५ मिनिटे काम धरावे लागेल. म्हणजे रोज ३ तास ५५ मिनिटे ओव्हरटाइम. हिशेबाला सोपे जावे म्हणून आठ तासांचा रोज ८०० रुपये धरला, तर तासाला १०० रुपये आणि दुप्पट दराने २०० रुपये होतात. त्या दिवसाचा ओव्हरटाइम सुमारे ७८३ रुपये, जवळपास दुसरा रोजच. ही रक्कम ऐकून ठेकेदार दचकतील हे आम्ही समजतो.

पण दुसरा पर्याय त्यांच्याच हातात आहे. सव्वाआठला चावी सुपरवायझरकडे जमा करून घ्या, पावणेएकपर्यंत चालकाला लेखी मोकळे करा आणि त्या वेळात फोन करू नका. हे साडेचार तास वजा केले की कामाचे तास ७ तास ५५ मिनिटे राहतात आणि ओव्हरटाइम एक मिनिटाचाही लागत नाही. मधल्या वेळेच्या आकस्मिक फेऱ्यांसाठी सगळ्या मार्गांच्या चालकांना अडकवून ठेवण्याची गरज नाही. पाळीपाळीने एकच चालक राखीव ठेवा आणि त्याचा वेळ पूर्ण कामाचा धरा. ठेकेदारांचा खर्च वाढतो तो आमच्या मागणीमुळे नव्हे, एका माणसाची गरज असताना सगळ्यांना फुकट थांबवून ठेवण्याच्या सवयीमुळे.

मात्र मोकळीक खरी असली पाहिजे. म्हणून ती सलग तीन तासांपेक्षा कमी नसावी, मोकळीक सुरू होण्यापूर्वी चिठ्ठीवर वेळ लिहून द्यावी आणि तळाजवळ पंखा, पाणी, शौचालय व आडवे होण्याची सोय असलेली खोली असावी. ज्याचे घर जवळ आहे त्याला घरी जाता यावे. ठरल्या वेळेआधी परत बोलावले तर त्या दिवसाची संपूर्ण मोकळीक रद्द समजून सगळा वेळ कामात धरावा. ही शेवटची अट कडक वाटेल, पण ती नसेल तर चिठ्ठी रोज फाडली जाईल आणि फोनही रोज येईल.

मोकळीक दिली तरी एक गोष्ट सुटत नाही. सहीपासून सुटकेपर्यंतचा पसारा या ड्युटीत १२ तास २५ मिनिटे आहे. १९६१ च्या कायद्याने विश्रांतीसह हा पसारा बारा तासांत बसवला होता आणि एका दिवसाची ड्युटी दोनपेक्षा जास्त तुकड्यांत तोडायला मनाई केली होती. आमची मागणी आहे की हीच बारा तासांची हद्द सर्व मार्गांवर करारात लिहावी. वरच्या ड्युटीत २५ मिनिटे कमी करण्यासाठी पहाटेची गाडी तयार ठेवायला यार्डातला माणूस नेमला तरी पुरते.

पैसा आणि मर्यादा हे दोन वेगळे प्रश्न आहेत

हा मुद्दा आमच्या सभासदांच्या बैठकीतही बराच वेळ चालला, म्हणून त्यावर स्पष्ट बोलतो. एखादा वेळ कामाचा आहे की नाही, हे ठरले की त्यातून दोन परिणाम निघतात. एक, त्या वेळेचे पैसे किती. दोन, त्या वेळेमुळे दिवसाची, आठवड्याची हद्द ओलांडली का आणि पुढच्या ड्युटीपूर्वी पुरेशी विश्रांती मिळाली का. आपल्याकडे भांडण नेहमी पहिल्यावर होते. जीव मात्र दुसऱ्यावर अवलंबून असतो.

युरोपीय संघाच्या न्यायालयासमोर बेल्जियममधल्या निव्हेल गावच्या एका स्वयंसेवी अग्निशामकाचा खटला आला होता. तो तयारीच्या काळात घरीच असे, पण बोलावल्यापासून आठ मिनिटांत केंद्रावर पोहोचण्याचे बंधन त्याच्यावर होते. २०१८ साली न्यायालयाने सांगितले की इतक्या कमी वेळात पोहोचायचे असेल तर माणूस स्वतःचे आयुष्य जगायला मोकळा राहत नाही, म्हणून घरी असूनही तो वेळ कामाचाच. त्याच निकालात हेही आहे की त्या वेळेचा दर काय असावा हा वेगळा प्रश्न असून तो त्या त्या देशाच्या कायद्याने ठरवावा. हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. पण त्यातली विभागणी आम्हाला पटते आणि आमची भूमिका तीवरच उभी आहे.

दराबाबत आम्ही चर्चेला तयार आहोत. राखीव चालक घरी आहे, बोलावल्यावर यायला त्याला पुरेसा वेळ आहे, तर त्या तासांचा दर वेगळा ठरवता येईल. तळावर गाडीसोबत थांबण्याचा दर मात्र पूर्णच हवा. आणि मर्यादेबाबत तडजोड नाही. कोणत्याही दराने पैसे दिले तरी चालकाचा थकवा विकत घेता येत नाही.

याचे सर्वांत वाईट रूप ‘डबल’मध्ये दिसते. दुसऱ्या पाळीचा चालक आला नाही की पहिल्या पाळीच्याच चालकाला थांबवले जाते. तो रात्री दहाच्या पाळीबदलाचे लोक सोडून यार्डात सही करतो तेव्हा ११.४० झालेले असतात. पहाटे ३.५० ला त्याची पुढची सही आहे. मधे ४ तास १० मिनिटे उरतात, त्यात घरी जाणे, जेवणे, झोपणे आणि परत येणे. १९६१ च्या कायद्यात दोन ड्युट्यांमध्ये सलग नऊ तासांची विश्रांती होती. सकाळचे साडेपाच तास ‘आराम’ म्हणून दाखवले की कागदावर हा चालक ताजातवाना ठरतो. महामार्गावर पहाटे त्याच्या मागे बसलेल्या पन्नास कामगारांना हा कागद वाचवणार नाही. म्हणून दोन ड्युट्यांमध्ये सलग नऊ तास न मिळाल्यास पुढची ड्युटी आपोआप पुढे ढकलली जावी आणि त्या दिवसाचा रोज कापू नये.

राखीव चालकांबाबत आणखी एक गोष्ट. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ‘फोन चालू ठेव’ असे सांगणे बंद व्हावे. ज्या दिवशी लग्नाला, शेतात किंवा तापीकाठी दशक्रियेला जाताना फोनची धास्ती असते, तो दिवस सुट्टीचा नाही. राखीव यादी महिनाभर आधी लावावी आणि यादीत नाव नसलेल्याने फोन उचलला नाही तर त्याच्यावर कारवाई करू नये.

घर ते यार्ड: काय मागतो आणि काय मागत नाही

घरून यार्डात येण्या-जाण्याच्या वेळेचे वेतन आम्ही मागत नाही. कोणी कुठे राहावे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, त्याचा भार ठेकेदारावर टाकणे योग्य नाही.

पण यार्डात सही केल्यावर जळगावच्या गॅरेजमधून गाडी आणायला पाठवले, पासिंगसाठी गाडी नेऊन ठेवायला सांगितली किंवा बंद पडलेल्या गाडीजवळ दुसऱ्या चालकाला बदली म्हणून एसटीने पाठवले, तर तो प्रवास पूरक काम आहे. सही करण्याच्या जागेपासून गाडी ताब्यात घेण्याच्या जागेपर्यंतचा आणि गाडी सोडल्यापासून सही संपवण्याच्या जागेपर्यंतचा प्रवास १९६१ च्या कायद्याने पूरक कामात स्पष्ट मोजला होता. आज हा वेळ कुठेच लिहिला जात नाही, तिकिटाचे पैसेही कित्येकदा चालकाच्या खिशातून जातात. सहीची जागा तोंडी बदलणेही थांबले पाहिजे. उद्या थेट भुसावळहून गाडी घे असे रात्री सांगितले तर वरणगाव ते भुसावळ हा प्रवास कामात धरावा.

अपघाताचा विषय मात्र वेगळा आहे. पहाटे साडेतीनला एसटी नसते. चालक दुचाकीवर, काळोखात, मालवाहू ट्रकच्या रांगेतून यार्डात येतो. मुंबईत १९५७ साली बेस्टचा एक बसचालक जोगेश्वरी आगारात गाडी लावून, बेस्टच्याच दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी जाताना अपघातात गेला. त्याच्या पत्नीने, अ‍ॅग्नेस यांनी, मागितलेली भरपाई सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली मान्य केली, कारण बसमधून जाण्याची ती सोय त्याला चालक म्हणून आणि सेवेच्या हितासाठी मिळालेली होती. अलीकडे जुलै २०२५ मध्ये दैवशाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे सांगितले. धाराशिव भागातल्या साखर कारखान्याचा एक रखवालदार २००३ साली पहाटे तीनच्या ड्युटीवर जाताना, कामाच्या ठिकाणापासून पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला होता. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी दुवा असेल तर घर ते काम या वाटेवरचा अपघातही नोकरीतलाच, असे न्यायालयाने ठरवले. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही आता हीच तरतूद आहे. त्याच्या घरच्यांना मात्र यासाठी बावीस वर्षे वाट पाहावी लागली. आमची मागणी साधी आहे: पहाटेच्या व रात्रीच्या ड्युटीवर येता-जाता झालेला अपघात नोकरीतला मानला जाईल, असे ठेकेदाराने नेमणूकपत्रात लिहून द्यावे आणि त्याचा विमा घ्यावा, म्हणजे कोणाच्या घरच्यांना कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही.

नोंद नसेल तर काहीच टिकणार नाही

ठेकेदार सांगतात की गाड्यांना जीपीएस आहे, सगळी नोंद होते. जीपीएस गाडीची नोंद ठेवते. गाडी ७.५५ ते १.३० उभी होती एवढेच ते सांगेल. त्या वेळात चालक मोकळा होता की बांधलेला, हे त्यातून कळणार नाही, आणि नेमका वाद त्याचाच आहे. म्हणून लॉगशीटमध्ये थांबण्याचा वेगळा रकाना हवा. थांबण्याची जागा, सुरुवात आणि शेवट, थांबायला कोणी सांगितले, चावी जमा होती का आणि मोकळीक चिठ्ठीचा क्रमांक, एवढे त्यात पुरे. सहीची आणि सुटकेची खरी वेळ रोज लिहावी, आठवड्याच्या शेवटी त्याची एक प्रत चालकाला मिळावी आणि जीपीएसचा तपशील मागितल्यावर द्यावा. हजेरीपत्रकावर सरसकट ‘८’ लिहिणे बंद व्हावे. सहीच्या वेळेआधी अर्धा तास येऊन गाडी तयार ठेवा असे सांगायचे असेल, तर सहीची वेळच अर्धा तास अलीकडे घ्यावी.

पैसे कोण देणार

ठेकेदार म्हणतात की निविदा किलोमीटर आणि फेऱ्यांवर निघते, थांबण्याचा दर त्यात नसतो, मग आम्ही आणायचे कुठून? यात तथ्य आहे, म्हणून हे पत्र सेवा घेणाऱ्या आस्थापनांनाही लिहिले आहे. रिक्षाचा मीटरसुद्धा रिक्षा उभी असताना पडत राहतो. तुमच्या निविदेत गाडी थांबवण्याची किंमत शून्य आहे, म्हणूनच ती सकाळभर उन्हात थांबवून ठेवली जाते. पुढच्या निविदेत थांबण्याचा तासाचा दर वेगळा लिहा. तो लिहिल्यावर तुमचे अधिकारीच पाळीबदलाची वेळ आटोपशीर करतील आणि आकस्मिक फेऱ्यांचे नियोजन करतील. ठेकेदाराने वेतन थकवले तर मूळ मालकाने ते द्यावे, हे तत्त्व कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यापासून आहे. त्यामुळे हा आमच्या आणि ठेकेदाराच्या मधला खासगी मामला आहे असे आस्थापनांना म्हणता येणार नाही.

मागील थकबाकीबाबत आम्ही आज आकडा मांडत नाही, कारण खऱ्या नोंदी ठेवलेल्याच नाहीत. जीपीएसचा उपलब्ध तपशील आणि पाळीबदलाच्या नोंदी एकत्र करून, दोन्ही बाजूंच्या प्रत्येकी दोन माणसांनी बसून तो काढावा. तोवर नवी लॉगशीट आणि मोकळीक चिठ्ठी पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सुरू करावी, त्यासाठी कोणत्याही निविदेची वाट पाहण्याची गरज नाही.

या मागण्यांवर पंधरा दिवसांत संयुक्त बैठक बोलवावी आणि तिचे इतिवृत्त लेखी द्यावे, ही विनंती. बैठक न झाल्यास आम्ही हा वाद जळगाव येथील कामगार आयुक्त कार्यालयात समेटासाठी नेऊ. गाड्या बंद ठेवून कामगारांना गेटबाहेर ताटकळत ठेवण्याची आमची इच्छा नाही. ते आमचेच शेजारी आहेत आणि त्यांच्याही सह्या या पत्रासोबत जोडल्या आहेत.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद
कामगार-वाहतूक बसचालकांची संघटना, वरणगाव परिसर